पांझरेकाठचे ३६ नोड, नोंद ७ : पुन्हा प्रयत्न, पण पाळीनं

मागच्या नोंदीत ओलाव्याच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन संपवलं होतं. या वेळी सेन्सरला हातही लावला नाही. सगळा फेब्रुवारी एकाच गोष्टीत गेला: समोरचा सर्व्हर "आत्ता नको" म्हणाला तर नोडनं काय करायचं.

नवीन आलेल्यांसाठी मांडणी थोडक्यात सांगतो. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठानं चार गावांत कांदा आणि मक्याच्या वावरांत आपले ३६ ईएसपी३२ नोड आहेत. नोड बॅटरीवर चालतात, राउटर मात्र मळ्यातल्या लाइनवर. दर पाव तासाला जमिनीचा ओलावा आणि तापमान मोजायचं आणि ते एका छोट्या सल्ला-सेवेच्या एपीआयला पाठवायचं. तिकडून "आज पाणी भरा" किंवा "थांबा" असं उत्तर येतं आणि ते शेतकऱ्याच्या फोनवर जातं. त्या सेवेचा सर्व्हर लहान आहे. आपल्या एपीआय-कीसाठी तो सेकंदाला सहा विनंत्या घेतो, वरच्यांना 503 देतो, म्हणजे "आत्ता नको".

२ फेब्रुवारी. सकाळी तिकडच्या सर्व्हर बघणाऱ्या ताईंचा फोन आला. "दादा, काल रात्री तुमच्या कीवरून तीन मिनिटांत सात हजारांच्या आसपास विनंत्या आल्या. बाकीच्या गावांचे सल्ले अडकले."

आदल्या दिवशी आठ तास लाइन नव्हती. राउटर बंद, नोड चालू, म्हणजे प्रत्येक नोडमध्ये ३२ नोंदी साठलेल्या. लाइन आली रात्री ११:०७ ला. सगळ्या नोडांची घड्याळं एनटीपीवर लावलेली, त्यामुळे ११:१५:०० ला सगळे ३६ एकाच सेकंदात उठले. एकूण १,१५२ नोंदी, प्रत्येक नोंदीची वेगळी विनंती. आणि माझा कोड असा होता की नाकारलं तर एक सेकंद थांब, पुन्हा जा, मिळेपर्यंत जा. सेकंदाला सहा या वेगानं १,१५२ नोंदी उतरायला १९२ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ ३६ नोड दर सेकंदाला दार ठोठावत राहिले. ३६ गुणिले १९२ म्हणजे ६,९१२. ताईंचा आकडा बरोबर होता.

नाकारलेली विनंती फुकट जात नाही, हे मला त्या फोनवर नीट कळलं. नोड दर वेळी नवी जोडणी करतो, दर वेळी टीएलएसचा हस्तांदोलनाचा सगळा विधी होतो, आणि मग सर्व्हर 503 म्हणतो. खर्च तोवर झालेला असतो.

त्याच दिवशी ताईंना विचारून एका विनंतीत ४० नोंदींपर्यंत पाठवायची सोय घेतली. आठ तासांचा साठा आता नोडमागे एकाच विनंतीत जातो. १,१५२ च्या ३६ झाल्या. थांबण्याच्या गणिताआधी हे करायला हवं. काम कितीही हळू केलं तरी तेवढंच राहतं, आधी कामच कमी करावं.

५ फेब्रुवारी. थांबण्याचा वेळ दुप्पट करत नेला: ५, १०, २०, आणि चौथ्यांदा ४० ऐवजी ३० सेकंद, कारण ३० हा कमाल ठेवला. पहिला धरून पाच प्रयत्न. मिळालं नाही तर नोंदी फ्लॅशमध्ये ठेवायच्या आणि पुढच्या पाव तासाला बघायचं.

मला वाटलं, झालं. ताईंनी लॉग पाठवला तर त्यात पाच उभ्या भिंती दिसत होत्या. शून्याव्या सेकंदाला ३६ आले, सहा आत गेले. पाचव्या सेकंदाला उरलेले ३० एकदम आले, सहा गेले. पंधराव्याला २४, पस्तिसाव्याला १८, पासष्टाव्याला १२. एकूण १२० विनंत्या, आत गेले ३० नोड, सहा नोड पुढच्या पाव तासावर गेले. वेळ दुप्पट केल्यानं दोन भिंतींमधलं अंतर वाढलं, भिंतीची जाडी तशीच राहिली. एकत्र उठलेले नोड एकाच सूत्रानं थांबले तर पुन्हा एकत्रच उठणार.

इथर्नेटवाल्यांनी हा प्रश्न १९७० च्या दशकातच सोडवला होता. तारेवर दोन फ्रेम आदळल्या की थांबण्याची मर्यादा दुप्पट करायची, आणि त्या मर्यादेच्या आतली कोणतीही एक वेळ चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची. दहा टक्करींनंतर मर्यादा वाढत नाही, सोळा प्रयत्नांनंतर फ्रेम सोडून देतात. मी त्यातलं दुप्पट करणं तेवढं घेतलं होतं आणि चिठ्ठी विसरलो होतो.

६ ते ९ फेब्रुवारी. चिठ्ठी घातली. आता पहिला थांबा शून्य ते पाच सेकंदांमधला कुठलाही, दुसरा शून्य ते दहामधला, असं. हिशेब छान बसत होता: नाकारलेले ३० नोड पाच सेकंदांत पसरले की सेकंदाला सरासरी सहाच येतात.

तरीही लॉगमध्ये भिंती होत्या. फरक इतकाच की त्या आता पाचव्या सेकंदाऐवजी चौथ्याच्या जरा आधी उभ्या राहत होत्या. तीन दिवस मी राउटरवर संशय घेत होतो. शेवटी दोन नोड घरी आणले, टेबलावर शेजारी ठेवले आणि दोन्हींचे सिरीयल मॉनिटर उघडले.

```
node07 wait: 3911 6204 11870
node22 wait: 3911 6204 11870
```

कारण एका ओळीत होतं. घरी चाचणी करताना दर वेळी तेच आकडे यावेत म्हणून मी `srand(7)` लिहिलं होतं, आणि ती ओळ सगळ्या ३६ नोडांमध्ये गेली होती. `rand()` ज्या आकड्यापासून सुरुवात करतं ते बी एकच, म्हणून त्यानं प्रत्येकाला तीच चिठ्ठी दिली. ईएसपी३२ मध्ये `esp_random()` आहे, वायफाय चालू असताना ते हार्डवेअरमधल्या गोंगाटातून आकडा काढतं. बी लावायची गरजच नाही. तुमच्याकडे असं काही करत असाल तर एका नोडच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. एका नोडचे आकडे विस्कळीतच दिसतात, दोन शेजारी ठेवल्याशिवाय हा दोष दिसत नाही.

```cpp
uint32_t waitMs(int n, uint32_t retryAfterS) {
  uint32_t top = min(30000UL, 5000UL << n);
  return retryAfterS * 1000UL + esp_random() % (top + 1);
}
```

हे घातल्यावर पाव तासाला ७२ ते ७५ विनंत्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सगळे आत.

१२ फेब्रुवारी. वरच्या कोडमधला `retryAfterS` कशाला? सर्व्हर फारच गर्दीत असला की तो 429 किंवा 503 सोबत `Retry-After: 30` असं हेडर पाठवतो. तो सांगतो तेवढं थांबायचंच, आणि चिठ्ठीचा वेळ त्याच्या वर मिळवायचा. नुसते ३० सेकंद थांबलात तर ३६ जण एकतिसाव्या सेकंदाला पुन्हा भिंत करून उभे.

यात दोन खड्डे लागले. अर्डुइनोच्या `HTTPClient` ला विनंती करण्याआधी `collectHeaders()` नं सांगावं लागतं की कोणतं हेडर जपून ठेव. नाहीतर `header("Retry-After")` रिकामं येतं, एररही येत नाही. दुसरा खड्डा असा की या हेडरमध्ये सेकंदांऐवजी तारीख-वेळही येऊ शकते, नियमात दोन्ही चालतं. तारखेवर `toInt()` लावलं की उत्तर शून्य, म्हणजे "अर्धा तास थांबा" या निरोपाचा अर्थ नोड "लगेच या" असा घेतो. आता पहिलं अक्षर आकडा नसेल तर मी सरळ तो पाव तास सोडून देतो.

१५ फेब्रुवारी. आबांशी बोलणं झालं. ते पांझरेवरच्या फडाचे पाटकरी होते, बंधाऱ्याचं पाणी कोणाच्या वावरात कधी जाणार हे त्यांच्या हातात असायचं. मी लॉगचा आलेख दाखवला. "काय शे हाई?" म्हणाले. सांगितल्यावर त्यांनी विचारलं, एवढी भांडणं झाल्यावर वाटण्या कशाला करता, आधीच पाळी का लावत नाही?

खरंच, पहिली भिंत मी अजून तशीच ठेवली होती. चिठ्ठी फक्त नाकारल्यानंतर निघत होती, पहिला प्रयत्न सगळे एकत्रच करत होते. आता नोंद ठरल्या मिनिटालाच घेतली जाते आणि तिच्यावर तोच वेळ लिहिला जातो, पाठवणं मात्र नोड क्रमांक गुणिले तीन सेकंदांनी होतं. ३६ नोड १०८ सेकंदांत पसरतात. पाण्याच्या सल्ल्याला दोन मिनिटं उशीर झाल्यानं कांद्याला काही होत नाही. पाव तासाला ३६ विनंत्या आणि क्वचित एखादा पुन्हा प्रयत्न, इतकंच उरलं. चिठ्ठी तशीच ठेवली आहे, कारण सर्व्हर मध्येच पडला तर पाळी मोडतेच.

२१ फेब्रुवारी. आता सर्व्हर खरोखर तासन्‌तास बंद असला तर? पाच प्रयत्नांची मर्यादा दर पाव तासाला नव्यानं सुरू होते. आठ तासांत नोडमागे १६० विनंत्या, सगळ्यांच्या मिळून ५,७६०, आणि एकही कामाची नाही. म्हणून प्रत्येक नोडला पुन्हा प्रयत्नांची शिल्लक दिली. जास्तीत जास्त पाच. प्रत्येक पुन्हा प्रयत्नाला एक खर्च, प्रत्येक यशस्वी विनंतीला ०.१ जमा. शिल्लक संपली की पाव तासाला एकच प्रयत्न. त्याच आठ तासांत आता नोडमागे ३७ आणि एकूण १,३३२. शिल्लक पुन्हा भरायला ५० यशस्वी विनंत्या, म्हणजे साडेबारा तास लागतात. ते मुद्दाम संथ ठेवलं आहे. नुकत्याच उठलेल्या सर्व्हरवर लगेच जोर नको.

शिल्लक कशावर खर्च करायची हेही ठरवलं. 429, 503 आणि जोडणी न होणं यांवर पुन्हा प्रयत्न. 400 वर कधीच नाही. नोड १९ ची सेन्सरची वायर उंदरांनी कुरतडली होती, तो ओलाव्याच्या जागी `nan` पाठवत होता आणि तेच चुकीचं पत्र दिवसभर पुन्हा पुन्हा टाकत होता. अशा नोंदी आता वेगळ्या फाइलमध्ये जातात आणि मला निरोप येतो.

सगळ्यांत अवघड कोड -11, म्हणजे उत्तराची वाट बघून वेळ संपला. विनंती पोचलीच नाही, की पोचली आणि उत्तर वाटेत हरवलं, हे नोडला कळत नाही. पुन्हा पाठवलं तर नोंद दोनदा बसू शकते. ताईंनी नोड क्रमांक आणि नोंदीची वेळ ही जोडी त्यांच्या डेटाबेसमध्ये एकमेव केली, दुसऱ्यांदा आली तर ते मुकाट्यानं 200 देतात. त्यानंतरच मी -11 वर पुन्हा प्रयत्न सुरू केला.

२६ फेब्रुवारी. काल पुन्हा सहा तास लाइन नव्हती. रात्री ९:४० ला आली. ९:४५ पासून दोन मिनिटांत ३६ विनंत्या, प्रत्येकीत २४-२५ नोंदी. एक 503 आला, नोड ३१ ला, तो ३.४ सेकंद थांबून आत गेला. ताईंचा फोन आला नाही, मीच केला.

पुढे गावागणिक राउटरमागे एकच गेटवे ठेवायचा विचार आहे, म्हणजे शिल्लक नोडाची न राहता गावाची होईल. तिथे एक काळजी आहे: नोड गेटवेकडे पाच प्रयत्न करणार आणि गेटवे सर्व्हरकडे पाच, तर एका नोंदीचे पंचवीस होतात. पुन्हा प्रयत्न कोणत्या तरी एकाच थरात ठेवावा लागेल, बहुधा गेटवेमध्ये. कोणी हे करून बघितलं असेल तर आकड्यांसकट सांगा.