आरशापासून स्लॅबपर्यंत

आम्ही मुळात आरसेवाले. काच कापायची, कडा घासायच्या, भिंतीला लावायची आणि पुढच्या कामाला लागायचं. भाऊ काच कापायचा, मी मापं घ्यायचो. जिमशी संबंध आला तो आरशांमुळेच. पहिल्या जिमच्या मालकांना आरसा जमिनीपासून छतापर्यंत हवा होता, आम्ही तसा लावून दिला. दिसायला झकास. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी उभी ठेवलेली प्लेट घरंगळत गेली आणि आरशाचा खालचा कोपरा घेऊन बसली. ऑलिंपिक बारच्या मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो. ती सरळ घरंगळत येवो की कलंडून भिंतीला टेको, तिची कड त्याहून वर पोचत नाही. तेव्हापासून आमचा आरसा जमिनीपासून 50 सेंटिमीटरवर सुरू होतो आणि खाली लाकडी किंवा रबरी पट्टा येतो. पाठीला सेफ्टी फिल्मही लागते, म्हणजे फुटला तरी तुकडे जागेवर राहतात.

चिकटवण्याचंही तसंच. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते आरशाच्या पाठीला लागलं की महिन्या-दोन महिन्यांत आतला चांदीचा थर काळा पडत जातो. न्यूट्रल सिलिकॉन घ्यायचं. हे आम्ही दुसऱ्या जिमला शिकलो, स्वतःच्या खर्चाने.

आरसे लावता लावता लोक विचारू लागले, 'मशिनं कुठे मांडू?' आधी फुकट सांगायचो, मग कागदावर काढून द्यायला लागलो, मग त्याचं बिल करायला लागलो. भाऊ म्हणायचा, यात काय मोठंसं, सामान तर मांडायचं. मलाही तसंच वाटत होतं, ते दवाखान्याच्या वरचं काम मिळेपर्यंत.

दुसऱ्या मजल्यावरचा सुमारे 200 चौरस मीटरचा हॉल, आधी तिथे ऑफिस होतं. खाली दातांचा दवाखाना. आम्ही आमच्या सवयीने आधी आरशाची भिंत ठरवली आणि तिच्यासमोर, हॉलच्या बरोबर मधोमध, डेडलिफ्टची, म्हणजे जड बार जमिनीवरून उचलायची, जागा ठेवली. सगळ्यांना स्वतःला नीट पाहता यावं म्हणून. जिम सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि डॉक्टर स्वतः वर आले. रागावलेले नव्हते, पण घाबरलेले होते. 'दादा, तुम्ही वर काय पाडताय? माझ्या हातात ड्रिल असतं हो.'

मी त्यांच्याबरोबर खाली गेलो. खुर्चीशेजारच्या ट्रेवर पाण्याचा ग्लास होता. वर बार पडला की आधी पाण्यावर गोल उठायचं आणि मग धप्प असा आवाज यायचा. निदान मला तरी तसंच वाटलं. संध्याकाळचे सहा वाजलेले, वर गर्दीची वेळ. मी तिथे वीस मिनिटं उभा राहिलो आणि तेवढ्यात अकरा वेळा गोल उठले.

तिथून आमच्या धंद्यात एक स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडम आल्या, त्या आजही आहेत. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती बिल्डिंगच्या मूळ नकाशाची. ऑफिस म्हणून बांधलेल्या त्या स्लॅबची वापराच्या भाराची क्षमता दर चौरस मीटरला 300 किलो धरलेली होती. राहत्या घराची साधारण 200 किलो धरतात आणि व्यायामशाळेसाठी बहुतेक नियमावल्या 500 च्या आसपास मागतात. म्हणजे तिथे मुळातच आम्ही चुकीच्या मजल्यावर उभे होतो. जागा बदलता येणार नव्हती. उरलं ते मांडणी बदलणं.

मॅडमनी मला एकेक वस्तू मोजायला लावली. माझा समज होता की ट्रेडमिल सगळ्यात जड. मशीन 180 किलो, वरचा माणूस 100 किलो, जागा जवळजवळ दोन चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरला 140 किलो, काहीच नाही. खरा गडी निघाला डंबेलचा रॅक. अडीच किलोपासून 50 किलोपर्यंत अडीच-अडीचने वाढत जाणाऱ्या वीस जोड्या घेतल्या तर नुसत्या डंबेलचं वजन 1,050 किलो भरतं. दोन रॅक धरून 1,300. आणि हे सगळं तीन चौरस मीटरहून कमी जागेत, म्हणजे दर चौरस मीटरला 450 किलोच्या आसपास. स्लॅबच्या मधोमध तो उभा करणं म्हणजे फळीच्या मध्यावर माणूस उभा करणं. तो आम्ही भिंतीकडेला, खालच्या बीमच्या बरोबर वर नेला. रॅक बारीक, बीम लांब, दोघांचं जमतं.

पण पाण्यावर गोल उठवत होता तो रॅक नव्हता, पडणारा बार होता. त्याचं गणित मॅडमनी वहीच्या पाठीवर करून दाखवलं. 140 किलोचा बार 70 सेंटिमीटरवरून सोडला. पातळ रबरावर तो एका सेंटिमीटरमध्ये थांबला, तर थांबताना सरासरी मार बसतो वजनाच्या 71 पट, म्हणजे सुमारे दहा टन. तोच बार तीन सेंटिमीटरमध्ये थांबला, तर मार साडेतीन टनांच्या आत येतो. हा भार निमिषभरच टिकतो, स्लॅबही थोडा लवतो, त्यामुळे दहा टनांचं सामान ठेवण्याशी त्याची बरोबरी नाही. पण हादरा आणि आवाज यातूनच येतात. थांबायला जितकं अंतर, तितका मार कमी.

म्हणून जागा बदलली आणि पाया बदलला. डेडलिफ्टचा चौथरा हॉलच्या कोपऱ्यात, कॉलमजवळ, जिथे दोन बीम मिळतात तिथे गेला. तिथे स्लॅब सगळ्यात कमी लवतो. खाली आधी मऊ रबराचे जाड थर, त्यावर 18 मिलिमीटर प्लायचे दोन आडवे-उभे थर, म्हणजे मार पसरतो, आणि वर बार पडण्याच्या पट्ट्यात पुन्हा जाड रबर. प्लाय भिंतीला टेकू द्यायचा नाही. टेकला की हादरा भिंतीतून खाली उतरतो आणि सगळी मेहनत पाण्यात. हे आमच्या सुताराला मी तीन वेळा सांगितलं, तरी एका बाजूला त्याने फटीत पाचर मारून ठेवली होती. डॉक्टरांचा फोन आला, 'एका बाजूचा अजून येतोय.' पाचर काढली आणि थांबला. आवाज पूर्ण गेला असं म्हणणार नाही, पण ग्लासातलं पाणी स्थिर राहिलं. 120 किलोच्या वरचा बार सोडायचा नाही, टेकवायचा, असा नियम मालकांनी लावून घेतला तेव्हा कुठे डॉक्टर निवांत झाले.

कोपऱ्यात चौथरा गेल्यामुळे आरशाची भिंतही बदलली आणि त्यातून एक फजिती झाली. नवा आरसा लागला आणि दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की बायकांच्या चेंजिंग रूमचं दार उघडलं की आतलं बाक त्यात दिसतंय. थेट नाही, समोरच्या आरशातून, दुसऱ्या टोकाच्या माणसाला. नकाशावर हे दिसत नाही, कारण नकाशावर आपण माणसाची नजर काढतो, आरशाची काढत नाही. दारासमोर आडवी भिंत घालून प्रवेश वळता केला. आता नकाशावर आम्ही दाराच्या उंबऱ्यापासून प्रत्येक आरशापर्यंत रेघ मारतो आणि तिथून परत फिरवतो.

त्याच चेंजिंग रूममध्ये शॉवर करताना आणखी एक आकडा अंगावर आला. पाइप झाकायला जमीन 30 सेंटिमीटर उचलायची आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा भरायचा, हा नेहमीचा उपाय. कोब्याचं वजन घनमीटरला साधारण 1,800 किलो धरलं तर चौरस मीटरला 540 किलो होतं, तेही कायमचं, माणूस आत येण्याआधीच. डंबेलच्या रॅकपेक्षा जास्त! मॅडमनी कागद परत दिला, काही बोलल्या नाहीत. शेवटी शॉवर जुन्या संडासाच्या पाइपाशेजारी आणले, जमीन 12 सेंटिमीटरच उचलली आणि भराव हलक्या फोम काँक्रीटचा केला.

हवेचं मात्र आम्ही उशिरा शिकलो. त्या हॉलमध्ये चार स्प्लिट एसी होते आणि तरी लोक म्हणायचे, जीव गुदमरतो. स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची एक फुंकरही आणत नाही. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र आणून ठेवलं. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये हवेच्या दहा लाख भागांत 450, संध्याकाळी सात वाजता 2,300. व्यायाम करणाऱ्या माणसामागे सेकंदाला 10 लिटर आणि जमिनीच्या दर चौरस मीटरमागे आणखी 0.3 लिटर ताजी हवा, असा हिशोब धरतात. तीस माणसं आणि 200 चौरस मीटर म्हणजे सेकंदाला 360 लिटर, तासाला सुमारे 1,300 घनमीटर. गाळणी लावलेला एक पंखा ट्रेडमिलच्या बाजूने हवा आत आणतो. ती हॉलमधून फिरून चेंजिंग रूमच्या दाराखालच्या फटीतून आत शिरते आणि तिथल्या एक्झॉस्टने बाहेर पडते. एक्झॉस्ट थोडा जास्त ओढतो, त्यामुळे बुटांचा वास हॉलमध्ये येत नाही. यंत्र आता गर्दीतही हजाराच्या आसपास थांबतं. आणखी एक खूण आहे: आधी संध्याकाळी आरशाच्या वरच्या कडेला धुकं धरायचं, ते बंद झालं.

आता नवीन जागा पाहायला गेलो की भाऊ आधी खालच्या मजल्यावर जातो, छताकडे बघतो, बीम मोजतो आणि मग वर येतो. मालक वर चहा घेऊन ताटकळत असतात.

मागच्या महिन्यात पाचव्या मजल्यावरची चौकशी आली. स्टीलचे लांब बीम, मध्ये एकही कॉलम नाही, मोकळा हॉल. त्यांना उड्या मारायचा ग्रुप क्लास हवा होता, तीस माणसांचा. मॅडमनी हॉलच्या मधोमध मला चवड्यांवर उभं केलं, टाचा एकदम टाकायला सांगितल्या आणि जमिनीवर ठेवलेल्या यंत्रात बघितलं. जमीन सेकंदाला सुमारे पाच वेळा थरथरत होती. क्लासचं संगीत मिनिटाला 150 ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला अडीच उड्या, आणि त्याच्या दुप्पट बरोबर पाच. झोपाळ्याला दर दुसऱ्या हेलकाव्याला नेमका धक्का द्यावा तसं ते. 2011 साली दक्षिण कोरियातल्या सोलमधली 39 मजली टेक्नो-मार्ट इमारत दहा मिनिटं हलली आणि लोकांना बाहेर काढावं लागलं. तपासात बोट दाखवलं गेलं ते 12 व्या मजल्यावर तालावर व्यायाम करणाऱ्या सतरा जणांकडे. इमारत पडली नाही, पण सतराच जण होते.

आम्ही सांगितलं, सायकली ठेवा, योग घ्या, उड्या नकोत. नाहीतर आधी खालून बीम जाड करून घ्या. त्यांना दोन्ही पटलं नाही आणि मांडणीचं काम दुसऱ्याकडे गेलं. आरसे मात्र त्यांनी आमच्याकडूनच नेले. 50 सेंटिमीटरवर.