तळातले गणंग

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातून 'तड्' असा एकच आवाज येतो. मग काही क्षण काहीच नाही. मग दोन आवाज, आणि त्यानंतर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा कल्ला. पॉपकॉर्न होतायत हे कुणी सांगावं लागत नाही, वास तर मागाहून येतो. पण खरी परीक्षा हा कल्ला ओसरायला लागला की सुरू होते. आवाज विरळ होतात आणि गॅसच्या बटणाकडे गेलेला हात मधेच थबकतो. अजून थोडे दाणे राहिलेत ना आत? फुटू देत की तेही.

बहुतेक पॉपकॉर्न जळतात ते या एका क्षणाच्या हावरटपणाने.

न फुटलेल्या दाण्याला मराठीत गणंग म्हणतात. पुढे तो शब्द बिनकामाच्या माणसालाही चिकटला, पण मूळच्या गणंगाचा दोष फारसा नसतो. मक्याच्या चांगल्या दाण्यात वजनाच्या सुमारे १४ टक्के पाणी असतं. दाणा तापला की त्या पाण्याची वाफ होते. टणक साल तिला बाहेर पडू देत नाही, आतला स्टार्च मऊ होत जातो, आणि साधारण १८० अंश सेल्सिअसला साल हार मानते. मऊ झालेला स्टार्च वाफेबरोबर फुगतो आणि निवताच फेसासारखा घट्ट होतो. सालीला आधीच बारीकशी चीर असेल, किंवा दाणा उघड्या पाकिटात पडून वाळलेला असेल, तर पुरेसा दाब तयार होतच नाही. अशा दाण्याला आणखी पाच मिनिटं आच दिली तरी तो फक्त काळा होणार.

वाळलेल्या दाण्यांवर मात्र एक उपाय आहे. तीन-चार वाट्या दाणे बरणीत भरायचे, वर मोठा चमचाभर पाणी घालायचं, झाकण घट्ट लावून बरणी हलवायची आणि तीन-चार दिवस रोज एकदा हलवत राहायची. बरेचसे दाणे पुन्हा कामाला लागतात. चीर गेलेल्यांवर उपाय नाही.

आता आच. मंद आचेवर 'निवांत होऊ देत' म्हणणारे लोक हमखास तक्रार करतात की निम्मे दाणे तसेच राहिले. दाणा हळूहळू तापला की देठाकडच्या नाजूक टोकातून वाफ थोडी थोडी निसटते आणि फुटण्याइतका दाब उरत नाही. याउलट आच फार मोठी असली तर साल फुटते, पण आतला सगळा स्टार्च तोवर मऊ झालेला नसतो. मग लाही लहान होते आणि मधे टणक लागते. शिवाय तेल धुरावतं ते वेगळंच. म्हणून मध्यमपेक्षा जराशी मोठी आच धरावी.

अर्धी वाटी, म्हणजे साधारण ६० ग्रॅम दाणे घेतले, तर तीन लिटरचं जाड बुडाचं पातेलं आणि दोन मोठे चमचे तेल हवं. तेल सूर्यफुलासारखं, लवकर न धुरावणारं असावं. त्यात आधी फक्त तीन दाणे टाकून झाकण ठेवायचं. तिन्ही फुटले म्हणजे तेल तयार आहे, थर्मामीटरची गरज नाही. मग पातेलं आचेवरून उतरवून बाकीचे दाणे घालायचे आणि अर्धा मिनिट थांबायचं. हे थांबणं लोक नेमकं गाळतात. त्या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे जवळपास सारखे तापतात. पातेलं परत आचेवर ठेवलं की ते मागेपुढे न करता एका झपाट्यात फुटतात, आणि आधी फुटलेल्यांना उरलेल्यांसाठी तळाशी करपत बसावं लागत नाही.

झाकण थोडं तिरकं, बोटभर फट राहील असं ठेवायचं, आणि फटीचं तोंड आपल्याकडे नको. पूर्ण बंद झाकणाखाली वाफ कोंडते आणि लाह्या चिवट होतात. लोक मग मक्याला नावं ठेवतात. दर दहा-पंधरा सेकंदांनी पातेलं हलवलं की जड दाणे खाली सरकतात आणि हलक्या लाह्या वर येतात.

आता कान. कल्ला जोरात असताना मोजण्यासारखं काही नसतं. तो मोडला की मनात मोजायला लागायचं. तड्... एक... तड्. अजून चालू द्यायचं. तड्... एक, दोन... तड्. इथे गॅस बंद. तिसऱ्या सेकंदाची वाट पाहायची नाही. जाड बुडात उष्णता साठलेली असते, त्यामुळे गॅस बंद केल्यावरही चार-सहा दाणे फुटतातच. ते थांबले की लगेच रुंद भांड्यात ओतायचं, कारण तेच बुड तळच्या लाह्यांना करपवतही असतं. मीठ यावेळी, आणि पिठासारखं बारीक. खड्याचं मीठ लाहीवर टिकत नाही, सगळं तळाशी जमतं. लोणीही वरूनच. त्यातले दुधाचे कण दाणे फुटण्याआधीच जळू लागतात, आणि लोण्यातल्या पाण्याने लाही मऊ पडते, म्हणून ओतताना हात आखडता.

मायक्रोवेव्हमध्ये हिशेब तोच, फक्त बुडाच्या जागी पिशवी. पाकिटाच्या तळाशी एक करडा पट्टा असतो. त्यात धातूचा अतिशय पातळ थर असतो, तो लहरींनी सणसणीत तापतो आणि पातेल्याच्या तळाचं काम करतो. म्हणून पिशवीची वरची बाजू वरच ठेवायची. आच पूर्ण ठेवावी, कारण इथेही रेंगाळणं नडतं. ओव्हनवरच्या पॉपकॉर्नच्या बटणावर मात्र विसंबू नये. बऱ्याच ओव्हनमध्ये ते निव्वळ घड्याळ असतं. ७०० वॉटच्या ओव्हनला आणि १,००० वॉटच्या ओव्हनला लागणारा वेळ सारखा नसतो, आणि तुमच्या पिशवीत किती दाणे आहेत हे बटणाला ठाऊक नसतं. वेळ थोडा जास्तच लावायचा, ओव्हनसमोर उभं राहायचं, आणि दोन आवाजांत दोन सेकंदांचं अंतर पडलं की स्वतः थांबवायचं. फोन घ्यायला बाहेर गेलात तर मेलात. पिशवीत एका जागी दहा लाह्या करपल्या तरी वास उरलेल्या सगळ्यांना लागतो. पिशवी उघडताना तोंड चेहऱ्यापासून लांब धरावं, आतली वाफ चांगलीच पोळते. आणि गणंग उरले म्हणून तीच पिशवी पुन्हा आत ढकलू नये. आता आत पाणी असलेलं फारसं काही उरलेलं नसतं, पट्टा मात्र तापतच राहतो आणि कागद पेटू शकतो.

साठ ग्रॅममध्ये साधारण चारशे दाणे येतात. त्यातले पंधरा-वीस न फुटता राहिले, तर ते सोडून द्यावेत. तरी वाडगा संपत आला की बोटं तळाशी जातातच. तिथे पूर्ण गणंग असतात, आणि काही अर्धवट उमललेले, सालीला चीर पडून पांढरं जेमतेम डोकावणारे. तेल आणि मीठ सगळं त्यांच्यावरच साचलेलं असतं. दातांना जपून खाल्ले तर वाडग्यातले सगळ्यात चविष्ट दाणे तेच.