पिशवी मिळाली, ‘संदेश’ अडकला : एका पटकथेचा माझा अनुभव

शाळांमध्ये दाखवायच्या लघुपटांसाठी एका संस्थेने आठ मिनिटांच्या पटकथा मागवल्या होत्या. विषय त्यांनीच दिला होता : यात्रेच्या दिवशी बसच्या कंडक्टरला कुणाची तरी ओटीची पिशवी सापडते आणि तो ती परत करतो, बोध सौम्य असावा. कथा सुचली, लिहून झाली, वेळेत पाठवलीही. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. सांगायचं आहे ते सोबतच्या अर्जातल्या एका चौकटीबद्दल. ‘कथेचा संदेश (एका वाक्यात)’ अशी ती चौकट होती आणि माझी संहिता तिच्यापाशीच अडकून पडली. ते आठवलं की अजूनही चिडचिड होते.

आधी कथा सांगते, म्हणजे नेमकं काय अडकलं ते कळेल.

यात्रा घेतली सप्तशृंगी गडाची, चैत्रोत्सवातली. कारण व्यावहारिक होतं. उत्सवाच्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीला पायथ्याशीच थांबवतात आणि तिथून गडापर्यंतचा सुमारे 10 किलोमीटरचा घाट एस.टी.च चढते. म्हणजे तीच गाडी, तोच कंडक्टर, दिवसभर वर-खाली. पिशवी सापडल्यावर तो पुन्हा त्याच जागी येऊ शकतो, त्यासाठी ओढूनताणून योगायोग आणावा लागत नाही. लांब पल्ल्याची गाडी घेतली असती तर माणूस एका जिल्ह्यात, पिशवी दुसऱ्या जिल्ह्यात. मग आठ मिनिटांत परत करायची कशी? अशा कथेत मार्ग आधी ठरवावा, पात्रं मागाहून.

पिशवीत खण, नारळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या आणि तळाशी चिल्लर. एका आजीने वर्षभर साठवलेली नवसाची नाणी. पिशवीच्या तोंडाला नातीची लाल रिबन बांधलेली. वर गडावर गर्दीच्या लोंढ्यात आजी उतरते, पिशवी सीटखाली राहते. कंडक्टरला ती दिसते तेव्हा गाडी परतीच्या माणसांनी भरून घाट उतरायला लागलेली असते.

चिल्लरच का, ते सांगते. लिहिण्याआधी मी एका बसस्थानकावर ड्यूटी संपवून चहा पीत बसलेल्या कंडक्टरांशी बोलले होते. सगळ्यात त्रास कशाचा होतो असं विचारलं तर गर्दीआधी, धक्क्यांआधी एकच उत्तर आलं, सुटे पैसे. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. प्रवासी वाढले ते चांगलंच झालं, पण अर्ध्या भाड्याचे आकडे विषम येतात आणि प्रत्येक जण नोट पुढे करतो. मशीनवर मोबाइलने पैसे देता येतात म्हणावं, तर घाटात रेंज जाते. मग कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो आणि उतरताना वाद होतात. अशा माणसाच्या हातात दिवसभर नाण्यांची पिशवी खुळखुळत राहिली तर? त्याला चोरी करायची नाही. फक्त नोट टाकून तेवढीच नाणी घ्यायची आहेत. हिशेबात एक पैसाही कमी होणार नाही. हा मोह मला खरा वाटला, कारण तो चांगल्या माणसालाही होतो.

आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली आणि तिने संहितेचा कणाच बदलला. ड्यूटीवर निघताना कंडक्टरला स्वतःजवळची खासगी रक्कम वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहावी लागते. रस्त्यात तपासणी पथक आलं की वेबिल, विकलेली तिकिटं आणि जवळची रोकड यांचा मेळ घालतात. रक्कम कमी भरली तरी अडचण, जास्त भरली तरी जाब. म्हणजे पिशवी स्वतःच्या बॅगेत ठेवणं हाच धोका. म्हणून माझा कंडक्टर ती न उघडता ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनच्या झाकणावर ठेवतो, सगळ्यांना दिसेल अशी. नांदुरीला वाहतूक नियंत्रकाच्या तात्पुरत्या केबिनमध्ये तो त्यांच्यासमोर ती उघडतो, यादी करून घेतो, वहीत नोंद करतो आणि पुन्हा रिबन बांधतो.

इथपर्यंत लिहिताना अडचण आली नाही. संस्थेकडून मात्र संहिता परत आली. वर शेरा होता : ‘संदेश ठळक नाही. शेवटी वाहकाने प्रामाणिकपणाविषयी दोन वाक्ये बोलावीत. मोह मोठा करावा, उदा. सोन्याचा दागिना. वाहकाला बक्षीस मिळावे.’

मी चौकटीत वाक्य बदलून पाहिलं, ‘प्रामाणिकपणा जपावा’ असंही लिहिलं. पुन्हा तोच शेरा, फक्त सही वेगळी. फोन केला की संबंधित व्यक्ती बैठकीत. वाचणारे कोण, तर सांगता येत नाही. कधी कळवाल, तर कळवू. संहिता वाचली गेली की फक्त चौकट वाचली गेली, हेही कुणी सांगेना. मला राग आला तो याचाच. दागिना घातला की कथा पोलिसांची होते. बक्षीस दिलं की मुलांना कळतं ते एवढंच, की परत केलं तर काहीतरी मिळतं. आणि भाषण? सकाळपासून घाटात उभा असलेला, घसा बसलेला माणूस भाषण करत नाही. त्याला पुढच्या फेरीची घाई असते. शेरा लिहिणाऱ्याने यात्रेच्या दिवशी एक फेरी उभ्याने केली असती तरी हे त्याला कळलं असतं.

या थांबण्याच्या काळात मी संहिता मोठ्याने वाचत राहिले आणि एक लक्षात आलं. त्यांना संदेश दिसत नव्हता, कारण ते शेवटच्या पानावर तो शोधत होते. मग तो शेवटी ठेवायचाच कशाला? मी मोह दुसऱ्याच्या तोंडी घातला आणि मधोमध आणला :

दृश्य 4. अंतर्गत. एस.टी. घाटरस्ता. दुपार.

(एक बाई तिकीट आणि हात दोन्ही पुढे करते.)

बाई : आमची बाकी?

कंडक्टर : उतरताना देतो ताई. सुटे नाहीत.

बाई : अन् ती पिशवी खुळखुळतेय ती? नोट टाका तिच्यात, चिल्लर घ्या. कुणाचं काय जातंय?

(कंडक्टर पिशवीकडे बघतो. वळण येतं, पिशवी सरकते, तो एका हाताने ती सावरतो.)

कंडक्टर : ते देवीचे आहेत.

(तिचं तिकीट घेऊन मागे बाकी लिहितो, परत देतो. बाई तोंड फिरवते.)

एवढंच. आता कंडक्टर परत करतो ती नुसती रक्कम उरत नाही. आजीने जी नाणी एकेक करून टाकली तीच तिच्या हातात जातात, आणि त्यासाठी तो गाडीभर लोकांची नाराजी ओढवून घेतो. त्याला ते किती महागात पडलं हे प्रेक्षकाला दिसतं. बोध सौम्य हवा असेल तर चांगुलपणाची किंमत लहान आणि रोजची ठेवावी : थोडी बोलणी, चुकलेला चहा, उशिरा सुटलेली फेरी.

हे राहिलंच होतं : आजी गाडी शोधते कशी? तिला नंबर आठवत नाही, सगळ्या गाड्या लालच. 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत असतो, पण शून्य रुपयांचं तिकीट फाडावं लागतं. पहिल्याच दृश्यात आजी ते टाकून द्यायला निघते आणि कंडक्टर म्हणतो, “आजी, शून्याचं असलं तरी जपा, तपासणी होते.” पुढे गडावरच्या स्थानकात तेच तिकीट ती नियंत्रकांना दाखवते. त्यावरच्या आगाराच्या नावावरून आणि वेळेवरून ते गाडी ओळखतात, खाली फोन करतात आणि वहीत नोंद झालेली पिशवी पुढच्या फेरीला वर येते. खूण विचारल्यावर आजी पैशांबद्दल बोलत नाही, “तोंडाला लाल रिबन आहे, माझ्या नातीची,” एवढंच सांगते. शेवट जुळवायला जे लागेल ते पहिल्या मिनिटात कुणाच्या तरी हातात देऊन ठेवायचं, आणि तेही दुसऱ्याच कारणाने. उगाच दाखवलेली वस्तू मुलं लगेच ओळखतात.

शेवटी मी फोन सोडला आणि वेळ न ठरवता कार्यालयातच जाऊन बसले. संहिता खरोखर वाचणाऱ्या बाई भेटल्या, तेव्हा त्यांना चौथं दृश्य वाचून दाखवायची परवानगी मागितली. ‘ते देवीचे आहेत’ या वाक्यानंतर त्यांनी पान उलटून चौकट पाहिली आणि विचारलं, “मग इथे काय लिहायचं?” मी तिथेच लिहिलं : ‘दुसऱ्याची वस्तू जशी होती तशीच परत करणे.’ भाषणाचा आग्रह सुटला, बक्षीस गळलं, दागिन्याचं नावही निघालं नाही. इतके दिवस जे कागदावरून कळलं नाही ते दोन मिनिटांच्या वाचनात कळलं, याचा आनंद झाला आणि रागही आला. तुमच्यावर अशी वेळ आली तर पत्रव्यवहार वाढवू नका. वाचणाऱ्या माणसापर्यंत पोचा आणि सगळी संहिता न ऐकवता फक्त अडलेलं दृश्य वाचा.

मंजुरी आली ती एका दुरुस्तीसह, लांबी कमी करा. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब यात्रेच्या दृश्यांना लागू पडत नाही. ‘गर्दी चढते’ हे दोन शब्द पडद्यावर अर्धं मिनिट खातात. मी गडावरची रांग काढली, पायऱ्या काढल्या आणि गर्दी फक्त आवाजातून ठेवली. घंटीचे टोले मात्र प्रत्येक वेळी वेगळ्या ओळीत लिहिले, एक थांबण्यासाठी, दोन निघण्यासाठी. पिशवी देऊन झाल्यावर आजी काहीतरी बोलायला तोंड उघडते आणि कंडक्टर दोन टोले देतो, त्यामुळे तिथे संवादाची गरजच राहिली नाही. बसमधली दृश्यं खऱ्या फेरीत चित्रित करता येणार नाहीत, परवानगी काढून उभी गाडी घ्यावी लागेल, असं संस्थेने कळवलं. म्हणून खिडकीबाहेरचं सगळं वर्णन मी शेवटच्या प्रतीतून काढून टाकलं.