कान जमिनीला लावून

वैशाखातल्या दुपारी आमच्याकडे खाटेवर कुणी झोपत नाही. पाणी मारून पुसलेल्या फरशीवर आडवं व्हायचं, उशीसुद्धा नको. कूलर इतका घरघरत असतो की दारात कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. परवा असाच एका कुशीवर पडलो होतो, कान फरशीला चिकटलेला, आणि त्या कानात आलं : धप्. मग थोडं थांबून पुन्हा धप्. डोकं उचललं की फक्त कूलर. टेकवलं की धप्. म्हटलं, शेजारी वच्छला काकूचं तिखट कुटणं निघालं. यंदा लवकरच.

उठून बघायला जायचा कंटाळा होता, म्हणून पडल्यापडल्या हत्ती आठवले.

हत्ती हे आमच्या भागातलं लहानपणीचं जनावर नव्हे. वाघ होता, अस्वल होतं, रानडुक्कर तर पाहुण्यासारखं यायचं. रानटी हत्ती आले ते २०२१ च्या ऑक्टोबरात, छत्तीसगडकडून गडचिरोलीत, विसेकांचा कळप. धान कापणीला आलेलं. त्यानंतरच्या हंगामांत आम्ही रात्र रात्र डबे वाजवले, फटाके फोडले, टेंभे पेटवले. एवढ्या बोंबलण्यात कळप मात्र आमच्या कानी पडेल असं काही बोलायचा नाही. पंधरा-वीस जनावरं बांधीतून एका दिशेनं वळायची, जणू कुणी ‘चला’ म्हटलं होतं. आमच्यातल्या कुणी ते ऐकलं नाही.

ते ऐकू येणारच नव्हतं. माणसाचा कान साधारण सेकंदाला वीस कंपनांच्या खाली हात टेकतो, आणि हत्तीची घुमणारी गुरगुर पुष्कळदा तिथेच किंवा त्याच्याही खाली असते. १९८४ मध्ये केटी पेन ही प्राण्यांचे आवाज अभ्यासणारी बाई अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ बसली होती. आवाज काही नाही, पण हवाच धडधडतेय असं तिला वाटलं. लहानपणी चर्चमध्ये गायला उभी असताना ऑर्गनच्या सगळ्यात खर्जाच्या स्वरांनी अंगात अशीच धडधड व्हायची, ते तिला नंतर आठवलं. मग ध्वनिफिती वेगानं फिरवून ऐकल्या, तेव्हा त्या गप्प हत्तींच्या गप्पा बाहेर आल्या. असला खर्ज झाडाझुडपांत अडकत नाही. वीस कंपनांच्या आवाजाची एकेक लाट सतरा मीटर लांब. तिला सागाचं झाड म्हणजे काय?

पण परवा मला आठवलं ते पुढचं, पायांचं.

केटलिन ओकॉनेल ही बाई नामिबियात एटोशाच्या पाणवठ्यावर हत्ती बघत बसायची. त्याआधी तिचा अभ्यास होता किड्यांचा, फांदीतून कंपनं पाठवून एकमेकांना बोलावणाऱ्या तुडतुड्यांचा. तिला दिसलं की दुसरा कळप यायच्या आधी पाण्यावरचे हत्ती एकदम थिजतात. थोडे पुढे झुकतात आणि पुढचा एक पाय उचलून नुसता बोटांवर टेकतात. कान पसरून ऐकणारा हत्ती सगळ्यांनी पाहिलाय, पण हे पाय टवकारणं तिला त्या किड्यांसारखं वाटलं.

मग तिने खात्री करायला डाव टाकला. सिंहांमुळे बिथरलेल्या हत्तींची धोक्याची गुरगुर तिच्याकडे होती. ती हवेतून न वाजवता जमिनीत पुरलेल्या थरथरणाऱ्या यंत्रातून मातीत सोडली. पाण्यावरचा कळप पिल्लांना मधे घेऊन एकमेकांना चिकटला, सावध झाला आणि नेहमीपेक्षा लवकर निघून गेला. पुढे तिने दोन हाका मातीतून सोडून पाहिल्या, एक तिथल्याच हत्तींची, दुसरी केनियातल्या. दोन्ही धोक्याच्याच. गावातल्या हाकेला हत्ती दचकले, केनियातल्या हाकेकडे फारसं लक्ष दिलं नाही. इथे मला वच्छला काकू आठवते. परका माणूस दारात ओरडत असला तरी ती वाती वळणं सोडत नाही.

हत्तीच्या तळपायात मागे चरबीची जाड गादी असते आणि कातडीत थरथर टिपणाऱ्या गाठी. शिवाय पायाच्या हाडांतून थरथर वर कानापर्यंत जाते, आणि हत्तीच्या कानातलं हातोडीचं हाडूक चांगलं दांडगं आहे.

यावरून लहानपणची वडशाची रेल्वे लाइन आठवली. तेव्हा ती छोटी लाइन होती. आम्ही पोरं रुळाला कान लावून गाडी ‘ऐकायचो’, आणि ज्याला आधी कळे त्याला बोरं. (कुणी मोठ्यानं पाहिलं की पाठीत धपाटे.) लोखंडातून आवाज हवेपेक्षा पंधरापट जोरात धावतो, म्हणून गाडी रुळातून आधी यायची. मला वाटायचं, मातीतही तसंच असणार. तसं नाही. मऊ वाळूच्या जमिनीवर हत्तीची थरथर सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास जाते, हवेत आवाज जातो तीनशेचाळीस. म्हणजे दोन किलोमीटरवरच्या हत्तीची हाक कानाला सहा सेकंदांत पोचेल आणि पायाला आठ. वीज चमकल्यावर आपण गडगडाटापर्यंत आकडे मोजतो, तसं या दोन सेकंदांवरून हत्तीला अंतर कळत असेल, असा एक अंदाज आहे. अंदाजच. ते प्रयोग जवळच्या जवळ झालेले आहेत. मातीतून कित्येक किलोमीटर हाक जाते ही बाब हिशेबाची आहे, पाहिलेली नाही. आणि २००४ च्या त्सुनामीत हत्तींना पायांनी आधीच कळलं, असं मोबाइलवर फिरतं, त्यावर माझा विश्वास नाही. श्रीलंकेत गळ्यात उपग्रहाचे पट्टे असलेले दोन हत्ती त्या वेळी किनाऱ्याजवळ होते. त्यांच्या चालण्यात वेगळं काही दिसलं नाही.

दिशा मात्र त्यांना कळत असावी. पुढचे पाय आणि मागचे पाय यांत चांगलं दोन मीटर अंतर. थरथर एका पायाला आधी लागते, दुसऱ्याला किंचित मागून. हत्ती तेवढ्यासाठीच अंग वळवून उभा राहतो म्हणतात.

इतकं मनात घोळवून झाल्यावर मला ताज्या तिखटाची वाटी मागायची हुक्की आली. उठलो. उन्हात चटके खात काकूच्या दारात गेलो. काकू ओसरीत लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन गाढ झोपलेली. उखळ कोपऱ्यात उपडं.

माझ्या चाहुलीनं जागी झाली.

“का झालं गा?”

“तिखट कुटतेस वाटलं.”

“मी? औंदा तिखट चक्कीतून आनलं.”

मग धपधप कुठून येत होती? मागच्या आळीतून, की पलीकडे कोणी खुंटा ठोकत होतं? दारात उभं राहून एक पाय उचलून पाहिला. काही कळलं नाही. काकू माझ्या पायाकडे बघत म्हणाली, “चटका बसला का? पायतान घालून हिंडावं.”