खालची पापणी लवते तेव्हा

जुलैचा शेवटचा आठवडा होता. आमच्या डोळ्यांच्या ओपीडीत एकाच दुपारी दोन पेशंट एकच तक्रार घेऊन आले: खालची पापणी सारखी लवते. एकाला मी औषधाशिवाय घरी पाठवलं, दुसरीला न्यूरॉलॉजिस्टकडे.

पहिला पंचविशीतला, सीएच्या ऑफिसात काम करणारा. रिटर्न भरायची मुदत तोंडावर आलेली. बारा दिवस डावी पापणी फडफडत होती. आईने शुभ-अशुभाचा हिशोब मांडला होता, आणि ऑफिसातल्या कोणीतरी "लकवा नाही ना?" असं विचारल्यापासून तो घाबरला होता. त्याला वाटायचं, समोरच्या प्रत्येकाला हे दिसतंय. प्रत्यक्षात समोर बसून मला काहीच दिसत नव्हतं. स्लिट लॅम्पखाली दोन मिनिटं वाट पाहिली, तेव्हा पापणीच्या केसांखाली कातडी बारीक थरथरली आणि थांबली. डोळा मिटत नव्हता, गाल हलत नव्हता. पापणी मिटणाऱ्या स्नायूतले थोडेसे तंतू आपोआप आकुंचन पावतात, एवढंच हे असतं.

तरी तपासणी पूर्ण केली. डोळे घट्ट मिटायला, गाल फुगवायला, दात दाखवायला सांगितलं. दोन्ही बाजू सारख्या चालल्या. वरची पापणी खाली उतरलेली नव्हती, एकाचं दोन दिसत नव्हतं, बाहुल्या सारख्या होत्या. डोळा मात्र कोरडा होता. दिवसभर स्क्रीनकडे बघताना आपण डोळे मिचकावायचं विसरतो, आणि कोरड्या डोळ्याची चुरचुरही पापणी लवायला निमित्त होते.

"झोप किती होते?" म्हणून विचारलं. "चार-पाच तास, डॉक्टर." आणि कॉफी? मशिनची, दिवसाला सहा-सात कप, शेवटचा रात्री नऊच्या सुमारास. इथे थांबून त्याला समजावलं. कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे नऊच्या कपातलं निम्मं रात्री दोनलाही रक्तात असतं. झोप उथळ होते, सकाळी डोकं जड, म्हणून पुन्हा कॉफी. थकवा आणि कॅफीन ही दोन वेगळी कारणं म्हणून सांगितली जातात, पण अशा पेशंटमध्ये ती एकमेकांना धरून असतात.

कॉफी एकदम तोडू नकोस, नाहीतर डोकं दुखेल, असं बजावलं. दर एक-दोन दिवसांनी एक कप कमी करायचा, दुपारनंतर एकही नाही. चहाही त्याच हिशोबात धरायचा. कोरडेपणासाठी लागले तर अश्रूंसारखे थेंब. मॅग्नेशियमच्या गोळ्या त्याने मागवून ठेवल्या होत्या. त्यांनी हे थांबतं असा भक्कम पुरावा नाही, म्हणून मी त्या सुचवत नाही. पापणी बहुधा काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत शांत होते. त्याची मुदतीनंतर, झोप भरून निघाल्यावर झाली.

दुसऱ्या एक शिक्षिका, वय पंचावन्नच्या आसपास. त्यांचंही उजव्या डोळ्याच्या खालीच सुरू झालं होतं, पण आठ महिन्यांपूर्वी. "डॉक्टर, ताण आहे म्हणून होतं असं सगळे म्हणतात. मी शाळेतून रजासुद्धा घेऊन पाहिली." त्या बोलत असतानाच उजवा डोळा मिटला आणि त्याच क्षणी ओठाचा उजवा कोपरा वर ओढला गेला. हे झोपेतही होतं, असं त्यांच्या यजमानांनी सांगितलं.

मी त्यांच्या भुवईकडे बघत होते. डोळा घट्ट मिटताना आपली भुवई खाली येते. त्यांचा झटका आला की डोळा मिटे आणि उजवी भुवई वर चढे. मुद्दाम करायला गेलं तर हे जमत नाही, त्यामुळे ही सवय नव्हे किंवा नुसता ताणही नव्हे. हा चेहऱ्याच्या एका बाजूचा झटका, हेमीफेशियल स्पाझम. बहुतेक वेळा मेंदूच्या बुंध्याजवळ एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर टेकलेली असते. क्वचित तिथे गाठही असते, म्हणून एमआरआय करावाच लागतो.

झटका पापणीवरून गालाकडे, ओठाकडे उतरला, डोळा आपोआप पूर्ण मिटू लागला, चेहऱ्याची बाजू लुळी वाटली, वरची पापणी उतरली, दोन-दोन दिसू लागलं किंवा डोळा लाल होऊन सुजला, तर वाट न बघता दाखवायचं. लुळेपणा किंवा दोन-दोन दिसणं अचानक आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. नुसतीच पापणी लवत असेल आणि पुरेशी झोप घेऊनही काही आठवडे थांबली नाही, तरी एकदा तपासून घ्यावं.

बाईंच्या एमआरआयमध्ये नसेला टेकलेली रक्तवाहिनीच दिसली, गाठ नव्हती. ऑपरेशनने ती नसेपासून दूर करता येते, पण त्यांनी आधी बोटॉक्सची इंजेक्शनं निवडली. आठवड्याभरात ओढ बरीच कमी झाली. हा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, म्हणून पुढचं इंजेक्शन त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत घ्यायचं ठरवलंय.