बिबडे, भाकरी आणि एक रिकामा रकाना

परवा विम्याचे एजंट भाऊ आले होते घरी. चहा झाला, यांचा फॉर्म भरून झाला, मग म्हणे वहिनींची पण पॉलिसी काढून टाकू. नाव, जन्मतारीख सगळं झालं आणि मग त्यांनी विचारलं, वार्षिक उत्पन्न? मी तोंड उघडायच्या आधीच हे म्हणाले, "तिचं काही नाही, घरीच असते." वाईट बोलायचं म्हणून नाही बोलले, आणि खरंच तर आहे ते. एजंट भाऊंनी मग समजावलं की गृहिणीला कव्हर मिळतं पण नवऱ्याच्या उत्पन्नाचे कागद लागतात आणि रक्कमही त्यांच्या कव्हरच्या हिशोबानेच ठरते. म्हणजे मी मेले तर किती नुकसान, हे यांच्या पगारावरून ठरणार. फॉर्म टेबलवर ठेवून ते गेले, म्हणे फोटो लावून ठेवा, सोमवारी येतो.

मी नऊ वर्षं धुळ्यातच एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघायचे. २०१५ ला सोडलं तेव्हा ११,५०० पगार होता, मुलगी दोन वर्षांची, आईंचे गुडघे धरलेले, आणि थोडे दिवस म्हणून सोडलं ते सोडलंच. तेव्हा व्हॅटचे रिटर्न डोळे झाकून भरायचे मी. मग २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि मला येत होतं ते सगळं रद्दीत गेलं. मागच्या महिन्यात जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला, ती बोलता बोलता टू-बी मॅच होत नाही, क्रेडिट अडकलं असं काहीतरी सांगत होती आणि मी नुसतं हं हं करत होते. फोन ठेवल्यावर गॅससमोर तशीच उभी राहिले बराच वेळ. मला पगार नाही याचं मला खरंच एवढं नाही वाटत, पण मला आता येतं काय, हा प्रश्न खातो.

तर त्या फॉर्मच्या रागात मी एक उद्योग केला. आपल्याकडे सरकार वेळेचा सर्व्हे करतं, टाइम यूज सर्व्हे, त्यात माणसाचे चोवीस तास पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असे अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे करून लिहितात. २०१९ चा आकडा असा होता की घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाची २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७. मी मुलीची जुनी वही घेतली, रकाने आखले, आणि नेमके बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या वाळवणाच्या पापडांचे दिवस होते तर त्यांच्यापासूनच लिहायला लागले.

ज्वारी तीन दिवस भिजत होती, रोज पाणी बदलायचं नाहीतर वास येतो. मग उपसून जराशी सुकवली, चक्कीवर जाडसर दळून आणली. पहाटे साडेचारला मोठ्या पातेल्यात आधण, त्यात मीठ, तीळ, लसूण-मिरचीचं वाटण, आणि मग पीठ सोडत सोडत घाटा हाटायचा. हाटणं म्हणजे हात थांबला की गुठळी. कच्चा राहिला तर बिबडा वाळल्यावर तडकतो आणि जास्त पातळ झाला तर कापडाला चिकटून बसतो, चमचा उभा राहिला पाहिजे असं आईंचं माप आहे. मग गच्चीवर ओलं कापड, हाताला पाणी लावून थापायचे, दहाच्या आत सगळं उरकायचं कारण एप्रिलचं धुळ्याचं ऊन, त्यानंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही.

आता गंमत. मी जे वाचलं त्याप्रमाणे या सर्व्हेत कामांचे गट आहेत, आणि घरासाठी एखादी वस्तू तयार करणं हा एक गट, स्वयंपाकपाणी-झाडलोट हा दुसरा गट. बिबडे साठवणीची वस्तू म्हणून पहिल्या गटात. देशाच्या उत्पन्नाच्या हिशोबाचे जे नियम आहेत त्यातही घरात केलेली अशी वस्तू उत्पादनात बसते, पण रोजचा स्वयंपाक बसत नाही. त्या दिवशी मुलगी उठून आली आणि तिने नेहमीसारखा वाटीत गरम घाटा मागितला, वरून तेल. म्हणजे पातेलं एक, गॅस एक, हाटणारी मी एकच. कापडावर पडला तो घाटा उत्पादन, आणि वाटीत पडला तो काहीच नाही. एवढी वर्षं खर्च कुठल्या हेडला टाकायचा यात घालवली, पण असली एन्ट्री नाही बघितली.

मग अकाउंटंट जागी झाली. पाच किलो ज्वारी २०० रुपये, तीळ-लसूण-मिरची १२०, गॅस ६०, चक्की ३०, झाले ४१०. बिबडे भरले साडेचार किलो, गल्लीच्या टोकाला एक ताई विकतात त्यांचा भाव २४० किलो, म्हणजे १०८०. उरले ६७०. वेळ माझे सात तास आणि आईंचे तीन. तासाला ६७ रुपये. आणि नोकरीत २६ दिवस, आठ तास, ११,५०० म्हणजे तासाला ५५! मी एकटीच हसले. मग मैत्रिणीचा आजचा २८ हजार पगार त्याच तासांनी भागला तर १३४ च्या वर गेलं. माझ्या एकाच तासाचे ६७ पण होतात, १३४ पण होतात, आणि फॉर्मवर शून्य. बरं यात ते रात्री मुलीला ताप असला की अर्धं झोपून अर्धं जागं राहणं, ते कुठल्या कप्प्यात टाकू? मी ते झोपेत टाकलं. तसंच धरतात बहुतेक.

कोर्टात मात्र गृहिणीची किंमत लावतात. २००१ मध्ये, जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या केसमध्ये, सुप्रीम कोर्टाने बाईच्या घरकामाचे महिन्याला ३,००० धरले होते. मग जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या एका अपघाताच्या केसमध्ये, नवरा-बायको दोघं गेले होते, त्यात जस्टिस रमणांनी वेगळं निकालपत्र लिहून सांगितलं की गृहिणीचं उत्पन्न धरलंच पाहिजे, ती काही करत नाही हा समजच चूक आहे. त्यात ते २९९ आणि ९७ पण आहेत. वाचून बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की हे सगळं बाई गेल्यावरचं. जिवंत बाईचा आकडा काढायला कोणी बसत नाही, गाडीने उडवली की बसतात.

यांना वही दाखवली रात्री. यांनी नीट वाचली, खोटं का बोलू. म्हणाले, "गॅस ६० चा नाही लागला, जास्त लागला असेल." मला एवढा राग आला, आणि खरं सांगू तर तेवढाच आनंद पण झाला, कारण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या हिशोबात चूक काढली.

आज सोमवार. फॉर्मवर उत्पन्नाच्या रकान्यात मी पेन्सिलीने एक आकडा लिहिलाय. कोणता ते इथे नाही लिहीत. आई म्हणाल्या, "फॉर्म भरामा इतला काय इचार करी ऱ्हायनी व?" मी म्हटलं, काही नाही. मग गच्चीकडे बघून त्याच ओरडल्या, "आवरी ले व, वारं सुटनं!" तर जाते. वरच्या कापडावरचे अजून ओले आहेत.