पेढे वाटून झाले आणि मग स्टॉप कोडॉन सापडला

जुलैत पाटणच्या वरच्या सड्यावर एका मामांनी दगड उचलून दाखवला, खाली नारिंगी खेकडा. "ह्यो आमी खात न्हाई," म्हणाले. खालच्या ओढ्यातले जांभळे मात्र रश्श्यात जातात.

नारिंगी रंग बघून सरांनी ही नवीन प्रजातीच म्हणून गाडीतच तिचं नाव ठरवलं. मला रंगाचं कौतुक नाही, अल्कोहोलात पडला की तो उडतोच, म्हणून जिवंतपणीच फोटो काढून घेतो आणि एक पाय वेगळ्या बाटलीत ९५ टक्के अल्कोहोलात ठेवतो. फॉर्मेलिन नाही, त्यात डीएनएची वाट लागते.

प्रजाती ओळखायचा बारकोड म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जीनचा ६५८ अक्षरांचा तुकडा. आमचा ओढ्यातल्यापेक्षा ११ टक्के वेगळा आला आणि कंदी पेढे आले. संध्याकाळी मी तो सिक्वेन्स प्रोटीनमध्ये ट्रान्सलेट करून बघितला तर मधेच तीन ठिकाणी स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रोटीन इथेच संपवा अशी खूण. आधी वाटलं ट्रान्सलेट करायचं टेबल चुकीचं लावलंय, पण नाही, अपृष्ठवंशीयांचंच होतं. चालू जीनमध्ये मधे स्टॉप येऊच शकत नाही. म्हणजे आम्ही मायटोकॉन्ड्रियातला जीन नाही, त्याची न्यूक्लियसमध्ये जाऊन पडलेली मेलेली कॉपी वाचत होतो, खेकड्या-कोळंब्यांत हे होतं. सिक्वेन्सच्या ग्राफमध्ये एकाच जागी दोन अक्षरांची दुहेरी शिखरं होती, ती कुणी बघितलीच नव्हती, पेढे खाण्यात सगळे दंग.

जीनचा तुकडा पकडणारे वेगळे प्रायमर लावून परत केलं. स्वच्छ सिक्वेन्स, फरक फक्त २ टक्के. सर दोन दिवस बोलले नाहीत.

आता खरी पंचाईत इथून. गोड्या पाण्यातला खेकडा ओळखायचा तो नराच्या पोटाखालच्या झाकणाआड, पहिल्या गोनोपॉडवरून. हा समागमाचा काडीसारखा अवयव मायक्रोस्कोपखाली फिरवून फिरवून बघायचा, टोक कुठे वळतंय ते. आमचा पहिला नर पोरगेलासा होता, त्याचं टोक अजून पूर्ण घडलेलंच नव्हतं, त्यावर काही ठरवणं म्हणजे थापा. ऑगस्टात परत गेलो, चार मोठे नर मिळाले. चारही टोकं बाहेर वळलेली. ओढ्यातल्या जांभळ्यांची सरळ.

म्हणजे शरीर म्हणतंय वेगळे, बारकोड म्हणतोय सख्खे. सर म्हणतात, नवीन प्रजाती म्हणून पेपर छापा. पण बारकोड नुसता आईकडून येतो, कधीतरी संकर झाला असेल तर दोन प्रजातींत एकच मायटोकॉन्ड्रिया फिरू शकतो, किंवा फाटाफूट अलीकडची असेल, किंवा जागेप्रमाणे टोक बदलणारी ही एकच प्रजाती असेल. न्यूक्लियसमधले जीन लावायला पाठवलेत. त्याहून मला हवेत ते सडा आणि ओढा यांच्या मधल्या उतारावरचे नर. तिथे अर्धवट वळलेली टोकं मिळाली तर नवीन प्रजाती गेली. नारिंगी आणि जांभळे शेजारी शेजारी असून टोकं दोनच तऱ्हेची निघाली तर मी स्वतः पेढे आणीन.

मामांना विचारलं, उतारावर कुठला असतो? म्हणाले, "तिथं कोन जातंय पावसात?"